तक्त्यात नसलेला रकाना

पोळा होऊन दोन दिवस झाले होते आणि 2025 सालचा भाद्रपद त्याच दिवशी लागला होता. धारूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, आणि मग गटाच्या सचिवताईंनी पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. प्रत्येकीला एक-एक कागद. वर लिहिलं होतं, ‘भाद्रपद महिन्यातील सण, व्रते व पूर्वतयारी’. मला वाटलं, एखाद्या खतवाल्या दुकानदारानं वाटला असेल. पण खाली पाहिलं तर ज्या महासंघाबरोबर आम्ही कार्यकर्त्या काम करतो, त्याचंच नाव! म्हणजे बायकांच्या बचतीतून, बायकांच्या संघटनेनं, बायकांसाठी छापलेला हा कागद. त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा देते.

| तारीख | सण / व्रत | उपवासाचा नियम | घरातील तयारी |
|---|---|---|---|
| 26 ऑगस्ट, मंगळ | हरितालिका | निर्जळी, रात्री जागरण | वाळूची पिंड, पत्री, सौभाग्यलेणं |
| 27 ऑगस्ट, बुध | गणेश चतुर्थी | – | मोदक, 21 दूर्वा |
| 28 ऑगस्ट, गुरु | ऋषिपंचमी | बैलाच्या कष्टाचे खाऊ नये | आघाड्याच्या काड्या, आठ सुपाऱ्या, हातानं पिकवलेल्या भाज्या |
| 31 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर | महालक्ष्मी | नैवेद्यापर्यंत काही खाऊ नये | घर सारवणे, फुलोरा, पुरण, 16 भाज्या, सवाष्ण |
| 15 सप्टेंबर, सोम | अविधवा नवमी | – | सवाष्णीचे जेवण, ओटी |

आणि तळाला बारीक अक्षरात एक सूचना: विटाळ असल्यास पूजा दुसऱ्याकडून करून घ्यावी, उपवास मात्र स्वतः करावा.

मैत्रिणींनो, ही सूचना पुन्हा एकदा वाचा. बाईचा हात बाटतो, बाईची भूक बाटत नाही! पूजेला ती चालत नाही, पण उपाशी राहायला चालते. या एका ओळीवर मी तिथंच बोलायला सुरुवात केली, तर सचिवताई म्हणाल्या, “ताई, तुम्ही शिकलेल्या. आम्हाला तारखा ठाऊक पडाव्यात म्हणून छापलंय. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं.” त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तारीख ही माहिती असते हे मलाही कबूल आहे. पण ‘नियम’ आणि ‘तयारी’ हे दोन रकाने माहितीचे नाहीत, हुकमाचे आहेत. आणि त्या हुकमाला कर्ता नाही. ‘घर सारवणे’. कुणी? ‘भाज्या आणणे’. कुणाच्या पैशांतून? इतका कामाचा तक्ता, पण काम करणारीला त्यात रकानाच नाही.

आधी ऋषिपंचमीबद्दल लिहिते, कारण बऱ्याच जणींना हे व्रत कशासाठी आहे तेच सांगितलेलं नसतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी येतं, ऋषींची पूजा असते, म्हणून काहीतरी चांगलंच असणार, असं वाटतं. आघाड्याच्या काडीनं दात घासायचे, आवळकाठी-तिळाची पूड लावून न्हायचं, सात ऋषी आणि अरुंधती अशा आठ सुपाऱ्या मांडायच्या. नांगरटीचं धान्य त्या दिवशी वर्ज्य, म्हणून परसातलं, हातानं लावलेलं खायचं. पण हे सगळं आहे कशाचं प्रायश्चित्त? पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचं. कहाणीत एका बाईनं विटाळशी असताना घरात वावर केला म्हणून तिला कुत्रीचा जन्म येतो. तिच्या संगतीनं नवऱ्याला बैलाचा. दोघंही मुलाच्याच दारात. श्राद्धाच्या खिरीत साप गरळ टाकतो, ते या कुत्रीला दिसतं, आणि घरच्यांचा जीव वाचावा म्हणून ती खिरीला तोंड लावते. सून तिला जळक्या लाकडानं मारते. रात्री बैल आणि कुत्री एकमेकांना दुःख सांगतात ते मुलगा ऐकतो, ऋषींकडे जातो, आणि ऋषी हे व्रत सांगतात.

मी ही कहाणी शिबिरात मुद्दाम पूर्ण सांगते. सगळ्या घराचा जीव वाचवणारी जी आहे, तीच मार खाते आणि प्रायश्चित्तही तिच्याच वाट्याला येतं. हे ऐकताना बायका गप्प होतात, मग एखादी म्हणते, “असंच असतंय की घरात.” त्या दिवशी बैलाला कामातून सोडायचं हेही मला आवडतं. पण बैलाला पाच-सहाच दिवसांपूर्वी पोळा झालेला असतो. खांदेमळणी, पुरणपोळी, झूल, मिरवणूक. त्याच्याबरोबर रान कसणाऱ्या बाईला कुठली तिथी? (आता तर निम्म्या गावात नांगरट ट्रॅक्टरनं होते. तरी ‘बैलाचं खाऊ नये’ हा नियम तसाच छापून येतो. ट्रॅक्टरचं खाल्लं तर चालतं का, हे कुणी सांगत नाही.)

याच गावातल्या सत्तरीच्या एका आजींनी तक्ता हातात घेऊन विचारलं, “ही पंचमी आपल्यात कवापासून?” त्यांच्या घरात ती नव्हती. माझ्याही आजीकडे नव्हती. गावोगाव, जातीजातीत सण वेगळे असायचे. मराठवाड्यात महालक्ष्मीला सोवळ्यातलं पुरण, तर कोकणात कितीतरी घरांत गौरीला मटणाचा तिखट नैवेद्य, आणि दोन्हीकडची देवी तृप्त. छापील तक्ता हे सगळं पुसून एका वर्गाचं सोवळं सर्वांचा ‘नियम’ करतो. ज्या घरांत शतकानुशतकं हा विटाळ इतका कडक नव्हता, त्या घरांत तो आता झेरॉक्सवरून आणि मोबाईलवरून शिरतो आहे, आणि या वेळी तर बचत गटाच्या पिशवीतून शिरला. माझा राग त्यावर आहे.

आता एका घराबद्दल. नावं देत नाही. एकत्र कुटुंब, दोन जावा, दोघीही कोयत्यावर जाणाऱ्या. बीडबाहेरच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगते: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतात, आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या फडावर जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. एक दिवस काम बुडालं की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर पडतात. पाळीत पोट दुखतंय म्हणून बसली तरी खाडाच. भाद्रपदात ही माणसं गावात असतात, म्हणून तक्त्यातले सण त्यांना घरी सापडतात.

थोरली चौतीस वर्षांची. धाकटी पंचविशीची, दोन लेकरं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. महालक्ष्मी यांच्या घरी उभ्या असतात. म्हणजे कोठ्यांवर मुखवटे बसवून, साड्या नेसवून, पुढं धान्याच्या राशी. तिथी नाही, नक्षत्र बघायचं: अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर जेवायच्या, मूळावर बोळवायच्या. मी आणि धाकटीनं बसून तिच्या कामाचा हिशेब मांडला. चार दिवस आधी घर झाडणं, सारवणं, गोधड्या-चादरी ओढ्यावर नेऊन धुणं. आदल्या रात्री फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या, वेणी-फणी तळून झाल्या तेव्हा रात्रीचा एक. जेवणाच्या दिवशी पहाटे चारला उठून न्हाणं, ओलेत्यानं अडीच किलो हरभऱ्याची डाळ शिजत घालणं, तेवढाच गूळ घालून पुरण शिजवून वाटणं. सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी, आंबील, कटाची आमटी, कढी, भजी. बाजारात सोळा भाज्या मिळत नाहीत, मग भाजीत भाजी मिसळून आकडा पुरा करायचा. नैवेद्य दुपारी तीनला झाला, आधी पुरुष, मग सवाष्णी, मग लेकरं. दोघी जावा जेवायला बसल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. पहाटेपासून पोटात फक्त चहा, तोही चोरून.

इतकं तरी दिसणारं काम. तक्त्याच्या ‘तयारी’त न छापलेली एक वस्तू मात्र हिशेब करताना धाकटीनं खाली मान घालून सांगितली. तिची पाळी नेमकी 31 तारखेच्या आसपास येणार होती. विटाळशीला चुलीपाशी जाता येत नाही, आणि दोनच जावा. सासू म्हणाली, “गोळी घे.” नवऱ्यानं तालुक्याच्या मेडिकलातून गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. दुकानदारानं विचारलं ते एवढंच: किती दिवस लांबवायची?

ही गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन. शरीरातल्या एका संप्रेरकासारखं काम करणारं औषध. पाळी यायच्या तीन दिवस आधी सुरू करायचं, दिवसातून तीनदा घ्यायचं. घेत आहे तोवर पाळी थांबते, बंद केलं की दोन-तीन दिवसांत येते. डॉक्टरनं विचारपूस करून थोड्या दिवसांसाठी दिलं तर एरवी निरोगी बाईला ते सहसा बाधत नाही. पण विचारपूस हीच महत्त्वाची. पायात किंवा छातीत कधी रक्ताची गुठळी झाली होती का, कावीळ-यकृताचं दुखणं आहे का, अर्धशिशी आहे का, दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का, अंगात रक्त किती आहे. यातलं काही मेडिकलच्या काउंटरवर कोण विचारणार? गोळी घेताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी येऊन डोकं असह्य दुखलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे तुमच्या गटात जरूर सांगा. श्रावण-भाद्रपदात आणि नवरात्रात या गोळ्या घरोघर जातात, आणि त्या कुणाच्या नोंदीत नसतात.

मीही घेतली आहे. एमएसडब्ल्यू झाल्यावर, नोकरीत असताना, सासरच्या महालक्ष्मीला. शिबिरांत पाळीवर तासभर बोलणारी मी, त्या घरात ‘आज मला जमणार नाही’ एवढं वाक्य बोलू शकले नाही. म्हणून धाकटीला मी ‘का घेतलीस’ असं विचारलं नाही.

तिची गोळी 2 सप्टेंबरला बंद झाली. पाच तारखेला पाळी आली ती नऊ दिवस थांबेना. गोळीनंच असं झालं असं मी म्हणणार नाही. अंगात रक्त आधीच कमी होतं, हरितालिकेला निर्जळी झालेली, आठवडाभर जागरणं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन 7.4 निघालं. आठच्या खाली म्हणजे रक्तक्षय गंभीर. घरच्यांनी घाबरून एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं उत्तर तयारच होतं: पिशवी खराब आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. वय पंचवीस!

घरात कुणी दचकलं नाही, कारण थोरलीची अठ्ठाविसाव्या वर्षीच काढलेली होती. अंगावरून पांढरं जात होतं. फडावर ना न्हाणीघर, ना संडास, ना कापड बदलायला आडोसा. त्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाला गोळ्या-औषधांचा इलाज असतो, पण तिला तो कुणी केलाच नाही, थेट ऑपरेशन सांगितलं. तीही म्हणाली, खाड्यापेक्षा बरं. ही एकटीची गोष्ट नाही. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची जी पाहणी आली, तिच्यात 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहांतल्या एकीची. त्यानंतर जिल्ह्यात या ऑपरेशनसाठी शासकीय परवानगीची अट आली, पण बायकांना घाबरवणारी भाषा तीच राहिली.

आणि आता जे सांगते त्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. थोरलीचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्याच ऋषिपंचमीला सासूनं तिच्याकडून व्रताचं उद्यापन करून घेतलं. रीत अशी की पाळी कायमची गेली की बाई या व्रतातून सुटते. साधारण पन्नाशीला जे व्हायचं ते हिचं अठ्ठाविसाव्या वर्षी झालं. आठ सुपाऱ्या, ब्राह्मणाला दान, शेजारणींना जेवण. “सुटलीस बाई,” असं सगळ्या म्हणाल्या. तेव्हापासून महालक्ष्मीचा सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तिचा, कारण तिला आता विटाळच नाही. बारा महिने तीस दिवस ‘चालणारी’ बाई! तिचे गुडघे चौतिसाव्या वर्षी साठीच्या बाईसारखे बोलतात, रात्री अंगातून वाफा येतात, घाम फुटतो. ऑपरेशनच्या वेळी बीजकोशही काढले असतील तर हे लगेच सुरू होतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याची लक्षणं वेळेआधी येऊ शकतात. तिचे काढले की ठेवले हे तिला ठाऊक नाही. कागद दवाखान्यानं दिलाच नाही.

मुकादमाला खाडा न करणारी बाई हवी. आणि या तक्त्यालाही खाडा न करणारी बाईच हवी. दोघांची भाषा निराळी. एक उचलीच्या हिशेबात बोलतो, दुसरा पुण्याच्या. पण दोघांनाही बाईच्या अंगातली तीच एक गोष्ट आडवी येते. दोघांची गरज भागते ती एकाच टेबलावर, ऑपरेशनच्या. गर्भपिशव्या काढण्याचं कारण ऋषिपंचमी आहे असं मी म्हणत नाही. कारणं मजुरीत आहेत, फडावर नसलेल्या संडासात आहेत, खाजगी दवाखान्यांच्या धंद्यात आहेत. पण पाळी ही घाण आहे, गेली तर सुटका, असं जिला लहानपणापासून शिकवलंय, तिला ‘पिशवी काढून टाका’ हे वाक्य इतकं परकं वाटत नाही. जमीन आधीच नांगरलेली असते.

याच तक्त्यातली अविधवा नवमी पाहा. नवरा जिवंत असताना मेलेल्या बायांचं श्राद्ध. मेल्यावरसुद्धा कुंकवाची चौकशी! आणि ज्यांचे नवरे कर्जापायी गळफास घेऊन गेले, अशा आपल्याच गटातल्या बायकांना महालक्ष्मीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनानं तो आदर्श म्हणून इतर ग्रामपंचायतींपुढं ठेवला. आणि आपल्या तक्त्यात अजून ‘सवाष्ण’च जेवायला सांगायची.

मला विचारलं जातं, मग काय सण बंद करायचे? बायकांना तेवढाच विसावा असतो. खरं आहे. हरितालिकेच्या रात्री गावातल्या पोरी जे खेळतात, हसतात, ते मी पाहिलंय, आणि त्यांत बसलेही आहे. महालक्ष्मीला माहेरवाशिणी येतात, बहिणी भेटतात. हरितालिकेचं तर नावच ‘सखीनं पळवून नेलेली’. बापानं ठरवलेल्या लग्नातून मैत्रीण पार्वतीला रानात घेऊन जाते, ही ती गोष्ट. या जिल्ह्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या शंभर बायकांमागे चाळिसाहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. इथं ती मैत्रीण किती कामाची आहे! पण त्या कहाणीतून तक्त्यानं काय उचललं? निर्जळी. आणि जी खाईल ती वांझ होईल, विधवा होईल, ही धमकी. मैत्रीण गळाली, धमकी राहिली.

सण कुणी बंद करत नाही. आमची मागणी महासंघाकडे लेखी दिलेली आहे. बचत गटाच्या पैशांतून विटाळाची सूचना छापायची नाही. ‘सवाष्ण’च्या जागी ‘बाई’ लिहायचं. गरोदर, अंगावर पाजणारी, रक्त कमी असलेली, साखरेची गोळी घेणारी यांनी निर्जळी करू नये, हे उपवासाच्याच रकान्यात लिहायचं. आणि एक रकाना वाढवायचा: कुणी केलं.

महासंघाच्या बैठकीत यावर दोन तास भांडण झालं. एक पदाधिकारी म्हणाल्या, धर्मात हात घालू नका, गट फुटतील. विटाळाची ओळ काढायचं कबूल झालं, बाकीचं ‘पुढच्या बैठकीत’.

धाकटीला आम्ही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. सोनोग्राफीत पिशवी चांगली निघाली. रक्तस्राव औषधानं थांबला, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. तिला टोळीबरोबर जाऊ देऊ नका असं मी म्हटलं, पण उचल घेतलेली होती, ती गेली.

जायच्या आदल्या दिवशी गटाच्या खोलीत आम्ही भिंतीवर खडूनं तोच तक्ता काढला, पाचवा रकाना घालून. घर सारवणे: धाकटी. भाज्या आणणे: धाकटी. पुरण: थोरली. फुलोरा: दोघी. मुखवटे उतरवून पुसणे: थोरली. पुरुषांच्या नावानं फक्त एक नोंद झाली, आरती. थोरली बराच वेळ बघत उभी होती. मग तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि ऋषिपंचमीसमोर, जिथं आम्ही काहीच लिहिलं नव्हतं, तिथं स्वतःचं ऑपरेशन झालं ते साल लिहिलं.